टायर चेंजर आणि अलॉयवरचे ओरखडे: दुकानातल्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार. रत्नागिरी

मावसभावाच्या टायरच्या दुकानात अलॉय रिमवर ओरखडे पडल्याच्या तक्रारी वाढल्या आहेत. पाऊस तोंडावर आल्यामुळे टायर बदलायला गर्दी आहे आणि याच गर्दीत एका गिऱ्हाईकाने रिमचा फोटो काढून सरळ भरपाई मागितली. मी बरीच वर्षं गॅरेजमधली मशीनं दुरुस्त करत आलोय, म्हणून त्याने मला बोलावलं. त्याचं मत ठरलेलंच होतं: "दादा, मशीन म्हातारं झालंय, आता नवंच घेऊया." मी म्हटलं, आधी ओरखडे बघू, मग मशीनचं वय काढू.

ओरखडा म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. हल्लीच्या डायमंड कट अलॉयचा चकचकीत भाग म्हणजे लेथवर कापलेलं उघडं ॲल्युमिनियम असतं, त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर. तो थर एकदा फुटला की खारी हवा आणि पावसाचं पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढरे, अळीसारखे धागे पसरत जातात. जूनमध्ये पडलेला नखभर ओरखडा गणपतीपर्यंत बोटभर होतो. तोवर गिऱ्हाईकाला टायर कुठे बदलले ते आठवत असतं, दुकानदाराला मात्र गाडी आठवत नाही.

मशीन साधं आहे. फिरणारं टेबल, त्यावर रिम पकडणारे चार जॉ, बाजूला बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कडा, सोडवायचा ब्रेकर, मागे खांब, खांबावरून पुढे फिरणारा आर्म आणि आर्ममधून खाली येणारा षटकोनी दांडा. दांड्याच्या टोकाला हेड, टायरची कडा रिमच्या काठावरून चढवणारं-उतरवणारं. मदतीचा वेगळा आर्म नाही, त्यामुळे दाबायचं काम हातानेच करावं लागतं. मशीनवर मुख्य हात आहे तो चाचांचा. त्यांनी स्टीलच्या रिमवर, पहारीने टायर चढवायच्या काळापासून काम केलंय. त्यांच्या हाताखाली एक पोरगा आहे.

आज फक्त पाहिलं, कुणाला काही बोललो नाही. तक्रारीतल्या रिमपैकी दोन अजून दुकानात आहेत, त्या बाजूला काढून ठेवायला सांगितल्या.

४ जून, मंगळवार

लोकसभेची मतमोजणी. दुकानात टीव्ही चालू, गिऱ्हाईक जवळपास नाही, त्यामुळे रिम निवांत बघता आल्या. भावाने भंगारातल्या आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या आणखी काही रिम दाखवल्या.

ओरखडा कुठे आहे आणि कसा आहे यावरून तो कोणत्या कामात पडला हे बहुतेक वेळा सांगता येतं. मागच्या काठावर एकमेकांपासून पाव वर्तुळ अंतरावर चार डाग दिसले तर ते जॉचे. पुढच्या काठाच्या अगदी कडेवर एकच छोटा खोलगट ठोका असेल तर लिव्हर टेकवून जोर लावलाय. काठाच्या बाहेरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी खूण असेल तर ब्रेकरचं पातं टायरवर बसण्याऐवजी रिमवर बसलंय. आणि काठाबरोबर वळत जाणारी लांब रेघ असेल तर ती हेडची, कारण रिम फिरत असताना जागेवर उभं असणारं तेवढंच असतं.

या दुकानातल्या रिमवर जास्त करून ही शेवटची रेघ आहे. पण एक गोष्ट खटकली. हेड खाली टेकलेलं असतं तर रेघ पूर्ण फेरीभर दिसली असती. इथे ती साधारण एक तृतीयांश फेरीपुरतीच आहे, मधोमध खोल आणि दोन्ही टोकांना विरत गेलेली. याचा अर्थ हेड आणि रिम यांच्यातली फट फिरताना कमीजास्त होतेय. म्हणजे हेड एका जागी आहे, रिमच केंद्रावरून सरकून फिरतेय.

चाचांना ही रेघ दाखवली. ते म्हणाले, "अलॉय नरम असतं साहेब, थोडंफार लागणारच." नरम असतं हे खरं. पण नरम धातूला एकाच बाजूला लागायचं काही कारण नाही, हे त्यांनाही पटलं असावं, कारण नंतर ते स्वतःच रिम उचलून दुसऱ्यांदा बघत होते.

६ जून, गुरुवार

आज मशीन तपासलं. रेघेचं कारण सापडलं, तेही गिऱ्हाईकाला कधीच दिसणार नाही अशा बाजूला.

अलॉय रिम टेबलावर पुढचं तोंड वर करून ठेवतात आणि जॉ तिला बाहेरून, खालच्या म्हणजे मागच्या काठाला पकडतात. जॉवर प्लास्टिकची टोपी असते, धातूला धातू लागू नये म्हणून. इथे चारपैकी तीन जॉवर टोप्या होत्या, चौथ्यावरची तुटून गेली होती. पोरग्याने सांगितलं की ती "बरेच दिवस" नाही. सगळ्यांना वाटत होतं की फार तर मागच्या काठाला एक डाग पडेल, तो कोण बघतंय.

गोम अशी की चारही जॉ टेबलाखाली एकाच फिरत्या तबकडीला जोडलेले असतात. ते एकत्र आणि सारख्याच अंतराने आत येतात, म्हणून रिम आपोआप मधोमध बसते. एका जॉवरची टोपी गेली की त्या बाजूला तिच्या जाडीइतकी मोकळी जागा उरते. रिम मग फक्त आडव्या जोडीच्या दोन जॉमध्ये धरली जाते आणि उघड्या जॉच्या दिशेने सरकू शकते. टायरचा ताण आला की सरकतेच.

मोजून बघितलं. टायर न घालता नुसती १६ इंची रिम पकडली, हेड काठापासून २ मिलिमीटरवर लॉक केलं आणि रिम हळूहळू फिरवत फटीत फीलर गेजची पाती घालत गेलो. एका बाजूला फट साडेतीनच्या पुढे, समोरच्या बाजूला अर्धा मिलिमीटरही नाही. जिथे फट जवळपास मिटत होती ती जागा खडूने आखली आणि तक्रारीतल्या रिमवरची रेघ शेजारी धरली. कमान जवळजवळ तेवढीच.

चारही टोप्या नव्या घातल्या आणि जॉच्या खाचांत साचलेली माती, साबणाची खपली खरवडून काढली. ती खपलीही टोपीइतकीच त्रास देते, फक्त दिसत नाही. पुन्हा मोजलं तर सगळीकडे २ च्या आसपास. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

खर्च किती तर चार टोप्यांचा. भाऊ नव्या मशीनच्या कोटेशनकडे बघत गप्प बसला.

दुपारी दुसरी गोष्ट तपासली. या जातीच्या मशीनमध्ये हेड काठाला टेकवून हँडल लॉक केलं की षटकोनी दांडा आपोआप दोन-तीन मिलिमीटर वर उचलला जातो. ती उभी फट. आडवी फट आर्मच्या स्क्रूने ठेवायची आणि रिमचा आकार बदलला की ती पुन्हा लावायची. १५ इंचीनंतर १७ इंची आली आणि स्क्रू तसाच राहिला तर हेड काठावर घासणारच.

टायर नसताना उभी फट ३ मिलिमीटर होती, ठीक. मग जुना टायर घेऊन बीड हेडवर चढवला आणि ताण आल्यावर बघितलं तर हेड खाली बसलं होतं, काठाला टेकायला कागदभर जागा. दांड्याला धरणाऱ्या लॉकच्या पट्टीच्या भोकाची धार घासून गोल झाली आहे. तिची पकड ताण नसताना टिकते, ताणाखाली घसरते. म्हणून फट नेहमी ताणाखाली बघायची, मोकळी बघून समाधान मानायचं नाही. नवी पट्टी मागवली. तोवर पट्टी उलटी करून न घासलेली बाजू वापरात घेतली. दांड्याला कुणीतरी ग्रीस फासलं होतं तेही पुसून काढलं.

हेडमधल्या प्लास्टिकच्या तुकड्याचं तर बोलायलाच नको. तो इतका झिजला होता की धातू उघडा पडला होता. तो बदलला.

८ जून, शनिवार

मशीन सरळ झालं. आता हाताचं काम. आज दोन-तीन गाड्या चाचांच्या शेजारी उभा राहून पाहिल्या. त्यांचा हात चांगला आहे, पण सवय उंच साइडवॉलच्या टायरची आहे. तिथे थोडी चूक खपून जाते. ५५ च्या खालच्या टायरात, म्हणजे साइडवॉलची उंची टायरच्या रुंदीच्या ५५ टक्क्यांहून कमी असते तिथे, ती खपत नाही.

पोरग्याला समजावताना फळ्यावर आकडे लिहिले, ते इथे उतरवून ठेवतो, कारण सगळ्या लिव्हरबाजीचं मूळ यात आहे.

१६ इंची रिमवर बीड ज्या जागेवर बसतो तिचा व्यास ४०५.६ मिलिमीटर. तिच्या बाहेरचा काठ साधारण १७.५ मिलिमीटर उंच, म्हणजे काठाचा व्यास झाला जवळपास ४४१. बीडमध्ये स्टीलच्या तारा असतात, त्या ताणल्या जात नाहीत. मग ४०५ चं कडं ४४१ च्या काठावरून जाणार कसं?

त्यासाठी रिमच्या मधोमध नाली असते, बीडच्या जागेपेक्षा साधारण १७ मिलिमीटर खोल. बीडची एक बाजू या नालीत उतरली की केंद्रापासून तिचं अंतर १८६ च्या आसपास राहतं. समोरची बाजू काठावरून जायला केंद्रापासून २२० हवेत. दोन्हींची बेरीज ४०६. म्हणजे कडं जेमतेम, पण जातं. आता तीच बाजू नालीत न उतरता वर बीडच्या जागेवरच बसून राहिली तर? २०३ आणि २२०, बेरीज ४२३. कडं १७ मिलिमीटरने तोकडं पडलं. तार ताणली जात नाही, त्यामुळे मशीनची सगळी ताकद हेडवर, काठावर आणि तारेवर जाते. तिघांपैकी जे नरम असेल ते हार मानतं. बहुतेक वेळा रिमचा काठ, कधी बीडचं रबर फाटतं आणि अगदी वाईट वेळ असेल तर आतली तार तुटते. तुटलेली तार बाहेरून दिसत नाही, हीच भीती.

चाचांना खालचा बीड चढवताना काही अडचण येत नव्हती. टायर तिरपा ठेवायचा, बीड हेडच्या शेपटीवरून नेऊन चोचीखाली घालायचा, हाताने दाबत टेबल घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. वरचा बीड घालताना मात्र ते दोन्ही हात हेडच्या जवळ ठेवत होते, जिथे बीड चढतोय तिथे. डोळे तिकडे असतात म्हणून हातही तिकडेच जातात. दाबायचं असतं हेडच्या समोरच्या बाजूला, जिथे बीड नालीत उतरायला हवा. टेबल फिरत जातं तसा तो दाबही सरकत न्यायचा. शेवटचा वीतभर भाग राहिला की टायर परत वर उसळायला बघतो. तिथे मदतीचा आर्म नसेल तर दुसऱ्या माणसाने गुडघ्याने किंवा बीड दाबायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याने धरायचं. टेबल अडून कुरकुरायला लागलं की पायडलवरचा पाय लगेच काढायचा, उलट फिरवायचं, बीड पुन्हा नालीत घालायचा. कुरकूर ऐकूनही पाय दाबून ठेवणं म्हणजे काठावर ठोका पडणार हे नक्की.

अजून एक. रिम कोणत्या बाजूने टेबलावर ठेवायची हे नाली ठरवते. नाली ज्या काठाच्या जवळ आहे तो काठ वर. अलॉयमध्ये बहुतेक वेळा तो पुढचाच असतो. पण काही रिममध्ये नाली मागच्या बाजूला असते, मग रिम पालथी घालावी लागते. तसं न करता जबरदस्तीने सरळ बाजूने चढवलं तर बीडला नालीपर्यंत पोचायला जागाच मिळत नाही.

पोरग्याने बेरीज पुन्हा करून पाहिली आणि विचारलं, "मग साबण कशाला?" प्रश्न बरोबर आहे. साबण कड्याला मोठं करत नाही, फक्त बीड काठावर चिकटून फाटू नये म्हणून. तो टायर चढवायची खास पेस्ट असावा. डिटर्जंटचं पातळ पाणी पटकन वाळतं आणि मागे गंज ठेवून जातं. ऑइल, ग्रीस, केरोसीन तर अजिबात नको. ते रबर खातं, वाळत नाही, आणि ब्रेक मारला की टायर रिमवर फिरतो. बॅलन्सिंगची वजनं एका जागी, टायरचा जड भाग दुसऱ्या जागी.

११ जून, मंगळवार

आज एक गाडी परत आली. गेल्या महिन्यात पुढचे दोन टायर इथेच घातले, तेव्हापासून ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. मधल्या काळात दोनदा बॅलन्सिंग झालंय. मशीनवर शून्य येतं आणि रस्त्यावर थरथर तशीच.

चाक उतरवून आधी बॅलन्सिंगला लावायला निघाले होते, मी थांबवलं. साइडवॉलवर, रिमच्या काठाला लागून, एक बारीक उठावदार रेघ गोल फिरलेली असते. ती सजावट नव्हे. बीड नीट बसला की ही रेघ काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. इथे एका बाजूला ती काठापासून जवळपास पाच मिलिमीटरवर होती आणि समोरच्या बाजूला काठाखाली गेलेली. आतल्या बाजूचा बीड त्या टप्प्यात पूर्ण चढलाच नव्हता. टायर रिमवर वाकडा बसला आहे. वजनं लावून तो वाकडेपणा जात नाही, बॅलन्सिंग मशीन वजनाचा तोल दाखवतं, गोलाई दाखवत नाही.

बीड बसतो कसा ते इथे थोडं लिहितो. बीडची बैठक सपाट नसते, बाहेरच्या काठाकडे पाच अंशांनी चढत जाते. तिच्या आतल्या बाजूला एक बुटका उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी बीड नालीत घसरू नये म्हणून. हवा भरली की बीड नालीतून सरकत येतो, उंचवट्यापाशी अडतो आणि मग एकदम उडी मारून काठाला जाऊन भिडतो. तोच तो "ठॉक" आवाज. दोन बीड, दोन आवाज. पण आवाज आला म्हणजे सगळीकडून बसला असं नाही, थोडा भाग मागे राहू शकतो. म्हणून आवाजानंतर ती रेघ दोन्ही बाजूंनी पूर्ण फेरी बघायची. आतल्या बाजूची बघायचा कंटाळा केला की असं थरथरतं.

या टायरची हवा सोडली, बीड पुन्हा सोडवला. बैठकीवर जुन्या रबराची काळी खपली होती, ती तारेच्या ब्रशने नाही, स्कॉच-ब्राइट पॅडने साफ केली. पेस्ट दोन्ही बीडना आणि बैठकीला लावली. वॉल्व्हची पिन काढून ठेवली, म्हणजे हवा जोरात आत जाते आणि बीडला एकदम धक्का मिळतो. जॉ सैल केले. ३५ पीएसआयच्या आसपास दुसरा ठॉक आला. रेघ दोन्हीकडे सारखी. मग पिन बसवून दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे ३३ वर आणलं. बॅलन्सिंगला पूर्वीपेक्षा बरंच कमी वजन लागलं.

चाचांशी आज थोडा वाद झाला, तो लिहायलाच हवा. बीड बसत नसला की ते हवा वाढवत नेतात. ५०, ५५, "आवाज येईपर्यंत". मी गाडीच्या टायरला ४० पीएसआय ही वरची हद्द सांगितली. चाळीसला बसला नाही तर काहीतरी अडलंय: साबण कमी पडला, बैठक घाण आहे, टायर-रिमचा आकार जुळत नाही, किंवा बीड दुखावलाय. हवा वाढवून यातलं काहीच सुटत नाही, फक्त आत साठलेला जोर वाढतो. अडलेल्या बीडची तार अशाच वेळी तुटते आणि टायर रिमसकट वर उडतो. भरताना माणूस त्यावर वाकलेला असतो. ४० झाले की हवा सोडायची, बीड सोडवायचा, पेस्ट लावून नव्याने भरायचं. आणि भरताना हात, तोंड टायरवरून बाजूला, नळीला क्लिपवाला चक आणि गेज हातभर लांब.

चाचा म्हणाले, "इतकी वर्षं केलं, कुणाला काही झालं नाही." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले की हायवेवरच्या एका दुकानात पेट्रोल मारून काडी लावून बीड बसवतात, ते त्यांना कधीच पटलं नाही. म्हटलं, हवा वाढवत नेण्यातही तोच धोका आहे, फक्त आग नाही.

संध्याकाळी कंप्रेसरच्या रेग्युलेटरवर मशीनला जाणारी हवा भरायच्या नळीपुरती ४० वर बांधली. जॉ आणि ब्रेकरची लाइन वेगळी आहे, तिला जास्त दाब लागतो, तिला हात लावला नाही.

१४ जून, शुक्रवार

पाऊस चांगलाच लागलाय. हळूहळू हवा जाण्याची तक्रार. १९५/५५ आर १६, अलॉय, ३३ भरली की आठवड्यात २८. पंक्चर नाही, असं दोन ठिकाणी सांगून झालंय.

चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. खिळा, ट्रेड, वॉल्व्ह, सगळं कोरडं. थोडं थांबल्यावर आतल्या बाजूच्या काठाजवळून एकेक बुडबुडा यायला लागला, तोही एकाच जागेवरून. खडूने टायर आणि रिम दोघांवर खूण केली. दोघांवर करायची, कारण टायर निघाल्यावर दोष कुणाचा ते त्यावरून कळतं.

टायर काढला. टायरच्या खुणेपाशी बीडचं रबर धड होतं, तार दिसत नव्हती. रिमच्या खुणेपाशी बैठकीवर एक ओरखडा: काठापासून निघून थेट नालीकडे गेलेला, साधारण दोन सेंटीमीटर. नख अडत होतं. कडेला धातूचा बारीक फणगा उठलेला. ही लिव्हरची खूण. खालचा बीड काढताना लिव्हर फार आत घालून रिमच्या अंगावर टेकवून फिरवली की अशी पडते. हे आमच्याकडचं की दुसरीकडचं, आता कळायला मार्ग नाही.

इथे दिशेला महत्त्व आहे. बैठकीवर गोल फिरलेला ओरखडा बहुतेक वेळा गळत नाही. त्याची दोन्ही टोकं बीडखालीच राहतात, हवेला बाहेर जायला वाट मिळत नाही. आडवा, नालीपासून काठापर्यंत गेलेला ओरखडा म्हणजे मात्र आतून बाहेर काढलेला पाटच. तो केसाएवढा असला तरी आठवड्यात पाच पीएसआय जायला पुरतो.

काय केलं: उठलेला फणगा बारीक कानसने फक्त पातळीला आणला. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, ओरखड्याच्या दिशेने नव्हे तर बैठकीच्या गोलाईने, हलकेच घासलं. खोली काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. तसं केलं तर बैठकीवर सपाट खळगा तयार होतो आणि तो ओरखड्यापेक्षा जास्त गळतो. उरलेल्या रेघेवर बीड सीलरचा पातळ हात दिला, वाळू दिला, पेस्ट लावून टायर चढवला. टाकीत अर्धा तास ठेवलं, बुडबुडा नाही. गिऱ्हाईकाला सांगितलं की आठवड्याने येऊन हवा बघा, पैसे तेव्हा द्या.

हाच ओरखडा खोल असता किंवा त्याच्या टोकापाशी भेग दिसली असती तर रिम परत गाडीला लावू दिली नसती. ओतीव अलॉयला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते. कोपऱ्यावरच्या दुकानात तिला वेल्डिंग मारलं की तेवढ्या भागातली ती ताकद जाते. वेल्डची गाठ दिसायला पक्की वाटते, तुटते ती तिच्या शेजारून.

ब्रेकरबद्दलही आज बोललो, कारण हे चाक सोडवताना पोरग्याने पातं वॉल्व्हच्या बाजूला लावलं होतं. या गाडीला टायर प्रेशरचा सेन्सर नव्हता. असता तर पात्याने आत गेलेला बीड सेन्सरवर बसला असता. पातं नेहमी वॉल्व्हपासून लांबच्या बाजूला लावायचं, काठापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, टायरच्या रबरावर. काठाच्या फार जवळ लावलं तर रिम दाबली जाते, फार लांब लावलं तर साइडवॉल. एका जागी बीड सुटला नाही म्हणून तिथेच दाबत बसायचं नाही, चाक थोडं फिरवून दुसऱ्या जागी दाबायचं. आणि ब्रेकरला लावायच्या आधी हवा पूर्ण गेली आहे का ते पिन काढून बघायचं, नुसतं दाबून नाही.

१९ जून, बुधवार

लॉकची नवी पट्टी आली, बसवली. ताणाखाली उभी फट आता २ मिलिमीटर टिकते. १५, १६ आणि १७ इंची रिमवर तपासून आर्मच्या स्क्रूपाशी रंगाच्या तीन खुणा केल्या, म्हणजे आकार बदलला की स्क्रू कुठे न्यायचा ते डोळ्यांना दिसेल. खुणा अंदाजासाठी. फट तरीही प्रत्येक रिमला बघायचीच.

कामाच्या जागी दोन गोष्टी टांगल्या. एक जुनं २ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं कार्ड, हेड आणि काठाच्या मधे घालून बघायला. फीलर गेज पोरग्याने आठ दिवसांत हरवला असता. दुसरं, सकाळी मशीन चालू करायच्या आधी बघायच्या गोष्टींचा कागद: चार टोप्या, हेडचा तुकडा, जॉच्या खाचा. लिव्हरला प्लास्टिकचं म्यान घातलंय, काठावर ठेवायची छोटी संरक्षक टोपीही आणून दिली.

बॅलन्सिंगचं राहिलंय. अजून काही अलॉयवर काठाला ठोकायची शिशाची वजनं लावतात, चिकटवायची संपली की. तेही ओरखड्यांमध्येच धरायला हवं, पण हेडच्या रेघेपेक्षा वेगळं, म्हणून पुढच्या आठवड्यात.

भावाने नव्या मशीनचं कोटेशन रद्द केलं नाही, पुढे ढकललंय. त्याचं म्हणणं, १८ इंची आणि ४५ च्या खालचे टायर आले तर मदतीच्या आर्मशिवाय दोन माणसं अडकतात, आणि ते खरं आहे. चाचांनी आज एक १७ इंची, ५० चा टायर एकट्याने चढवला. टेबल एकदा अडलं, त्यांनी पाय काढला, उलट फिरवलं, समोरची बाजू दाबली आणि पुन्हा चालू केलं. मग कार्ड घालून फट बघितली आणि पोरग्याला ओरडले की पेस्टचं झाकण लाव, वाळतेय.